चित्र आत घेण्यापूर्वी

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी किती फुटांवर आहे, हा प्रश्न जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात घरोघर विचारला जातो. एकोणचाळीस फूट ही इशाऱ्याची पातळी आणि त्रेचाळीस फूट ही धोक्याची, हे दोन आकडे येथे शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टात पाणी पंचावन्न फुटांच्या पुढे गेले आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन शहराची वाट तुटली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झाले. अशा दिवसांत माणसे छत्री घेऊन नदीवर जातात हे खरे. पण ज्यांना जाता येत नाही, ते हातातल्या फोनवर पाहतात. चिखली-आंबेवाडीतल्या कुटुंबाला गुरे घेऊन आज बाहेर पडावे की उद्या, हे फोनवरच्या एका पानावरून ठरवावे लागते.

असे एक पान आम्ही नमुन्यादाखल समोर घेतो. चार-सहा स्वयंसेवक ते चालवतात असे समजू. पानाचा सगळा मालमसाला, म्हणजे मजकूर, चित्रे आणि मांडणीचे नियम, गिटहबवरील एका भांडारात ठेवलेला आहे. बाहेरच्या कोणाला त्यात भर घालावयाची असेल तर तो आपली प्रत तयार करतो, तीत बदल करतो आणि ‘हे आपल्यात सामील करून घ्या’ अशी विनंती पाठवतो. या विनंतीलाच पुल रिक्वेस्ट म्हणतात. भांडाराच्या राखणदारांपैकी कोणीतरी ती वाचतो, शंका काढतो, दुरुस्त्या मागतो आणि मग ती आत घेतो. आमचा विषय या वाचण्याचा आहे, आणि त्यातही मजकुराच्या नव्हे, तर चित्रांच्या वाचण्याचा.

मजकुरातला बदल गिटहब फार चांगला दाखवते. गेलेली ओळ तांबडी, आलेली ओळ हिरवी. एक काना बदलला तरी तो डोळ्यांत भरतो. चित्राचे तसे नसते. जुने आणि नवे चित्र शेजारी-शेजारी मांडून दाखवण्याची किंवा एकावर दुसरे सरकवून पाहण्याची सोय आहे, परंतु त्यातून चित्र कसे दिसते एवढेच कळते. ते कोणत्या जातीचे आहे, ज्याला दिसत नाही त्याच्यापाशी ते काय म्हणून पोहोचणार आहे, हे त्या खिडकीत उमटत नाही. तपासणाराच्या टेबलावर उत्तम जोडणी आणि मोठा पडदा असतो. चित्र क्षणात उघडते, सुरेख दिसते आणि तो ‘ठीक आहे’ असे लिहून मोकळा होतो. पुष्कळ जड पाने अशाच ‘ठीक आहे’मधून जन्माला आलेली असतात.

आता एक विनंती घेऊ. पुराच्या आठवड्यात एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने ती पाठवली आहे आणि तिचा क्रमांक २१४ आहे. तीत तीन चित्रे आहेत: पंचगंगा घाटाचे छायाचित्र, पाणीपातळीचा आलेख, आणि स्थलांतराविषयीच्या एका सूचनेचे फोटोवरून केलेले चित्र. तपासणीची पहिली पायरी म्हणून चित्रे उघडण्याआधी त्यांची वजने पाहावी, असे आम्ही सुचवतो. एकदा चित्र डोळ्यांनी पाहिले की मन त्याच्या बाजूने होते.

```
git fetch origin pull/214/head:pr-214
git diff --stat main...pr-214 -- images/

 images/ghat.jpg    | Bin 0 -> 4913152 bytes
 images/patali.jpg  | Bin 0 -> 186240 bytes
 images/suchana.png | Bin 0 -> 1322480 bytes
```

`Bin` म्हणजे ही फाईल ओळींत वाचता येणारी नाही, आणि `0 ->` म्हणजे ती पूर्वी नव्हती. तिन्ही मिळून चौसष्ट लाख बाइट होतात. बाइटाला आठाने गुणले की बिट मिळतात, म्हणजे हे पाच कोटी चौदा लाख बिट झाले. पुरात वीज गेलेली, टॉवरवर गर्दी; फोनला सेकंदास दहा लाख बिट मिळत असतील तर ही तीन चित्रे उतरण्यास एक्कावन्न सेकंद लागतील. त्यातले एकोणचाळीस सेकंद एकटे घाटाचे छायाचित्र खाते. ज्याला फक्त ‘किती फूट?’ एवढेच विचारावयाचे आहे, त्याने तेवढा वेळ का थांबावे, या प्रश्नापासून तपासणी सुरू होते.

प्रथम छायाचित्र पाहू. फोनच्या कॅमेऱ्याने ते चार हजार गुणिले तीन हजार, म्हणजे एक कोटी वीस लाख बिंदूंचे घेतले आहे. पानावर मजकुराचा रकाना सातशेवीस घरांचा आहे. दाट पडद्यावर एका घरात लांबीला दोन बिंदू बसतात असे धरले, तरी चौदाशे चाळीस बिंदूंहून अधिक रुंदी डोळ्याला दिसणेच शक्य नाही. चौदाशे चाळीस गुणिले एक हजार ऐंशी म्हणजे साडेपंधरा लाख बिंदू होतात. मूळच्या सुमारे आठव्या हिश्शात तेच चित्र, त्याच स्पष्टतेने, त्याच जागी बसते. उरलेले सात हिस्से फोन उतरवून घेतो आणि टाकून देतो. म्हणून ‘फाईल मोठी आहे, लहान करा’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘रकाना ७२० चा आहे, रुंदी १४४० करा’ असे लिहावे. पहिल्या वाक्याने विद्यार्थी गोंधळतो, दुसऱ्याने त्याचे काम दोन मिनिटांत होते.

```
magick ghat.jpg -auto-orient -resize 1440x -strip -quality 80 ghat-1440.jpg
```

या एका ओळीतला क्रम महत्त्वाचा आहे. फोन आडवा धरला की उभा, याची नोंद बहुधा चित्राच्या पोटातील माहितीत असते. बिंदू आहेत तसेच पडून राहतात आणि दाखवणारा त्या नोंदीप्रमाणे ते फिरवतो. `-strip` ही सर्व माहिती खरवडून टाकते. आधी `-auto-orient` केले नाही तर नोंद जाते, बिंदू आडवे राहतात आणि घाट कुशीवर निजलेला दिसतो. एवढे करून चित्र दोन-तीन लाख बाइटांच्या आसपास यावे. पाण्यावरची बारीक लहर आणि माणसांची गर्दी असेल तर थोडे अधिक येईल, करडे आकाश जास्त असेल तर कमी. यासाठी एकच कडक मर्यादा घालून बसू नये. एकेका लाखावर अडवणूक करणारा तपासनीस शेवटी चिखलासारखी चित्रे गोळा करतो.

पोटातल्या या माहितीत आणखी एक गोष्ट असू शकते, आणि ती वजनापेक्षा फार गंभीर आहे. फोनमध्ये स्थाननोंद चालू असेल तर फोटो जेथे उभे राहून काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांश चित्रात लिहिले जातात. घाटाचा फोटो घाटावरूनच काढला असेल तर बिघडत नाही. पण पूर घराच्या गच्चीवरून टिपलेला असतो, आणि मग ते आकडे म्हणजे पाठवणाऱ्याच्या घराचा पत्ता होतो. कुटुंब स्थलांतरित होऊन घर रिकामे पडले असताना तो पत्ता जगापुढे ठेवणे बरे नव्हे. तपासण्यास एकच आज्ञा पुरते:

```
exiftool -gps:all ghat.jpg
```

उत्तर रिकामे आले तर ठीक. आकडे आले, तर मात्र ‘पुढच्या बदलात काढून टाका’ म्हणून भागत नाही. गिट काहीही विसरत नाही: फाईल आज आली आणि उद्या काढली, तरी आजची नोंद इतिहासात राहते, आणि गिटहबवर विनंती बंद केली तरी तिच्या नोंदी पाहता येतात. त्या पुसावयाच्या तर गिटहबच्या मदत विभागाकडे अर्ज करावा लागतो. यास्तव ही गोष्ट चित्र पाठवण्यापूर्वीच व्हावयास हवी, आणि योगदान देणाऱ्यांसाठी लिहिलेल्या सूचनांत तिला पहिली जागा द्यावी असे आमचे मत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या सामान्य फोटोत ही माहिती गळालेली असते. पण तो फोटो आधीच दाबून लहान केलेला असल्यामुळे त्यावर पुन्हा हात फिरवला की आणखी खराब होतो. शक्य असेल तर मूळ मागावे.

आता आलेख. वजनाने तो किरकोळ आहे, दोन लाखांच्याही आत, आणि म्हणूनच नजरेतून सुटतो. त्याचा दोष जातीचा आहे. जेपेग ही पद्धत छायाचित्रासाठी घडवलेली आहे. ती चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातील अतिबारीक चढउतार, जे निसर्गदृश्यात डोळ्याला जाणवत नाहीत, ते सोडून देते. रंगाच्या बाबतीत तर ती आणखी सढळ असते. उजेड-अंधाराची नोंद प्रत्येक बिंदूची ठेवली तरी रंगाची नोंद पुष्कळदा चार बिंदूंत मिळून एकच ठेवते. घाटाच्या पाण्याला हे चालते. आलेखात मात्र सगळा अर्थ धारदार कडांतच असतो. पांढऱ्यावर काळे अक्षर, पांढऱ्यावर तांबडी रेघ. तेथे बारीक चढउतार सोडले की अक्षरांभोवती करडी धूळ जमते, आणि त्रेचाळीस फुटांची तांबडी रेघ वर-खाली पसरून फिकट पट्टा होते. चारपट मोठे करून पाहिले की हे तत्काळ ओळखू येते: ‘४३’ या आकड्याच्या पोटात डाग दिसले की चित्र जेपेगमधून आलेले आहे असे समजावे.

यावर अनेकजण एक सोपा पण फसवा उपाय करतात. तीच फाईल पीएनजी म्हणून जतन करून पाठवतात. पीएनजी काहीच टाकत नाही, म्हणून ती धूळही इमानेइतबारे सांभाळते, आणि फाईल पूर्वीपेक्षा जड होते. आलेख ज्या तक्त्यावरून काढला तेथूनच तो पुन्हा काढून मागितला पाहिजे. पीएनजी म्हणून, किंवा त्याहून उत्तम म्हणजे एसव्हीजी म्हणून. एसव्हीजीमध्ये बिंदू नसतात, ‘येथून तेथवर रेघ ओढ, येथे हे अक्षर लिही’ अशा आज्ञा असतात. असा आलेख पाच-दहा हजार बाइटांत मावतो आणि कितीही मोठा केला तरी कड सुटत नाही. शिवाय त्याचा बदल विनंतीत ओळीओळीने वाचता येतो.

तथापि एसव्हीजी असे नाव असले म्हणजे आत एसव्हीजीच असते असे समजू नये. फाईल उघडून `data:image/png;base64` ही अक्षरे शोधावीत. ती सापडली तर कोणीतरी बिंदूंचेच चित्र एसव्हीजीच्या पिशवीत घालून दिले आहे, आणि त्या पिशवीपायी त्याचे वजन एक-तृतीयांशाने वाढलेले आहे. `<script>` हा शब्द सापडला तर फाईल परतच करावी; आलेखाला त्याचे काही कारण नाही. मराठीपुरती एक अडचण निराळी आहे. `<img>`मधून दाखवलेल्या एसव्हीजीला पानाचा अक्षरसंच वापरता येत नाही, फोनमध्ये जो देवनागरी अक्षरसंच असेल तो ती घेते. संगणकावर ‘धोक्याची पातळी’ नीट बसलेली असते आणि दुसऱ्या फोनवर तिची वेलांटी रेघेवर चढते किंवा शेवटचे अक्षर कापले जाते. म्हणून अक्षरांभोवती मोकळी जागा ठेवलेली आहे ना, हे पाहावे, आणि निदान एका साध्या अँड्रॉइड फोनवर ते उघडावे.

वजन आणि जात यांविषयी इतके पुरे. खरी कठीण गोष्ट तिसरी, पर्यायी मजकुराची. दृष्टिहीन माणूस फोनवर टॉकबॅक किंवा संगणकावर एनव्हीडीए यासारख्या वाचकाच्या साहाय्याने पान ऐकतो. चित्र आले की तो वाचक `alt` या नावाने दिलेला मजकूर बोलतो. विनंती २१४ मध्ये ओळ अशी आहे:

```
<img src="images/patali.jpg">
```

येथे `alt` नाहीच. अशा वेळी वाचक काय करील हे त्याच्या घडणीवर असते. पुष्कळदा तो फाईलचे नाव उच्चारतो, ‘पाताली जेपीजी’ किंवा तत्सम काही. ऐकणाऱ्याला येथे काहीतरी महत्त्वाचे होते एवढे कळते, काय ते कळत नाही. `alt=""` असे रिकामे लिहिणे ही वेगळी गोष्ट आहे. त्याचा अर्थ ‘हे शोभेचे आहे, ओलांडून जा’ असा होतो, आणि वाचक मुकाट्याने पुढे जातो. मजकुराच्या खाली काढलेल्या वेलबुट्टीला रिकामे `alt` द्यावे. आलेखाला दिले तर ती फसवणूक होते. हा फरक तपासणाराने पक्का ध्यानात ठेवावा, कारण स्वयंचलित तपासण्या फक्त `alt` गहाळ असल्यावर ओरडतात, आणि त्यांचे तोंड बंद करण्यासाठी सरसकट `alt=""` लिहून टाकण्याची वाईट खोड पुष्कळांना लागलेली आहे.

मग लिहावे काय? चित्र पानावर कशासाठी ठेवले आहे, ते लिहावे. घाटाचे छायाचित्र पाणी कोठवर आले हे दाखवण्यासाठी आहे. ‘घाटाचा फोटो’ एवढ्याने ते सांगितले जात नाही. ‘ढगाळ आकाश, डाव्या बाजूस एक माणूस छत्री घेऊन उभा’ हे सगळे सांगितले तरी मुद्दा हरवतो. ‘पंचगंगा घाट. काठावरील लहान देवळांची फक्त शिखरे पाण्यावर दिसतात’ हे पुरेसे आहे. कोल्हापूरकराला त्यावरून पाण्याची उंची डोळ्यांपुढे उभी राहते, मग डोळे असोत वा नसोत. आलेखाच्या बाबतीत ‘पाणीपातळीचा आलेख’ हे केवळ शीर्षक झाले. नमुन्याच्या पानावर ते असे होईल:

```
<img src="images/patali.svg" width="720" height="400"
     alt="राजाराम बंधारा: सोमवारी सकाळी 37 फूट,
          बुधवारी सायंकाळी 44 फूट.
          बुधवारी दुपारी धोक्याची 43 फुटांची पातळी ओलांडली.">
```

रुंदी-उंची दिल्यामुळे चित्र येण्याआधीच त्याची जागा राखली जाते, आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारीत नाही. रोजच्या सगळ्या नोंदी `alt`मध्ये कोंबू नयेत. त्यांचा साधा तक्ता आलेखाखाली द्यावा. तो सर्वांच्याच उपयोगी पडतो. पानाच्या आरंभी `lang="mr"` आहे की नाही तेही एकदा पाहावे. ते `en` राहिले असेल तर वाचक इंग्रजी आवाज लावण्याचा संभव असतो, आणि आपण मेहनतीने लिहिलेले मराठी अर्धवट किंवा मुळीच उच्चारले जात नाही.

येथपर्यंतचे दोष चौकस माणसाला दिसण्याजोगे आहेत. पुढचा दोष विनंतीत दिसतच नाही, आणि आमच्या मते या सर्व प्रकरणातला तोच सर्वांत घातक आहे. समजा २१४ दुरुस्त होऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी नवी विनंती आली, क्रमांक २३१, आणि तीत आलेख ताजा केला आहे:

```
git diff --name-status main...pr-231

M       images/patali.svg
```

`M` म्हणजे आहे त्याच नावाची फाईल बदलली. एकच ओळ. चित्र उघडले, पातळी सत्तेचाळीसवर गेलेली आहे, रेघ स्वच्छ आहे, वजन आठ हजार बाइट. तपासणारा संतुष्ट होतो. परंतु `alt` हा चित्रात नसतो, तो पानाच्या फाईलमध्ये असतो, आणि ती फाईल या विनंतीत आलेलीच नाही. तांबडी-हिरवी ओळ नाही, म्हणून डोळा तेथे जाण्याचे कारणच नाही. विनंती आत जाते. त्या सायंकाळी डोळस माणूस सत्तेचाळीस फूट पाहतो आणि दृष्टिहीन माणूस चव्वेचाळीस फूट ऐकतो. गहाळ मजकूर निदान संशय उत्पन्न करतो, माणूस शेजाऱ्याला विचारतो. शिळा मजकूर विश्वास उत्पन्न करतो. आणि कोणतीही स्वयंचलित तपासणी येथे हूं की चूं करीत नाही, कारण `alt` आहे, भरलेला आहे, शुद्ध मराठीत आहे.

यावर एक नियम घालून घ्यावा: यादीत चित्रासमोर `M` दिसले आणि पानाची फाईल यादीत नसली, की तेथेच थांबावे. ते चित्र कोठे कोठे वापरले आहे ते शोधावे आणि तेथील प्रत्येक `alt` नव्या चित्राशेजारी ठेवून वाचावा.

```
git grep -n "patali.svg"
```

याच वाटेने आणखी एक चूक येते. नाव तेच राहिल्यामुळे, सर्व्हरने साठवणुकीची मुदत लांब दिलेली असेल तर वाचणाऱ्याचा फोन कालचाच आलेख दाखवीत राहतो. तेव्हा रोजच्या आलेखाच्या नावात तारीख घालावी. नाव बदलले की पानाची ओळही बदलावीच लागते, आणि ओळ बदलली की `alt` आपोआप तपासणाराच्या दृष्टीस पडतो. एका उपायाने दोन्ही रोग आटोक्यात येतात. त्याहून पक्का बंदोबस्त म्हणजे पातळीचे आकडे एका लहानशा फाईलमध्ये ठेवणे आणि आलेख, तक्ता व `alt` हे तिन्ही तिच्यापासूनच तयार करणे. मग विनंतीत फक्त एक आकडा बदलतो, आणि तो कोणालाही वाचता येतो. अर्थात हे करण्यास कोणाचे तरी दोन दिवस जातात, आणि ते पावसाळ्याआधी काढावे लागतात.

तिसरी फाईल म्हणजे सूचनेचा फोटो. कागदाचा फोटो पीएनजीत ठेवल्यामुळे कागदाचा प्रत्येक कण जपला गेला आहे, त्याची किंमत तेरा लाख बाइट. येथे जात बदलून जेपेग किंवा वेबपी करावी असे प्रथम सुचते, आणि वजन खरोखर कमीही होईल. पण मूळ प्रश्न विचारला, की हे चित्र येथे कशासाठी आहे, तर उत्तर येते: त्यातला मजकूर वाचण्यासाठी. तर मग ते चित्र असूच नये. सूचनेचे दोनशे शब्द पानावर टंकित करावे. त्यांचे वजन तीन-चार हजार बाइट होते. सगळा मजकूर `alt`मध्ये ओतणे हा तोडगा नव्हे. `alt` ऐकणाऱ्याला त्यात मागे-पुढे नीट जाता येत नाही, निवारा केंद्राचा दूरध्वनी क्रमांक उचलता येत नाही, आणि ज्या वृद्धाला दिसते पण बारीक दिसते, त्याला तर `alt`चा काहीच उपयोग नाही. टंकित मजकूर तो मोठा करून वाचतो, क्रमांकावर बोट ठेवून फोन लावतो. सही-शिक्का दिसल्याशिवाय लोक विश्वास ठेवणार नाहीत, अशी शंका कोणी घेतली तर ती रास्त आहे. त्यासाठी मूळ कागदाचे चित्र निराळे ठेवून खाली त्याचा दुवा द्यावा. टंकित प्रतीतला प्रत्येक आकडा मात्र दोघांनी मिळून, एकाने मोठ्याने वाचून, ताडून घ्यावा.

दृष्टिहीनांसाठीची ही व्यवस्था म्हणजे सौजन्य आहे असा एक समज आढळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग ठरवला आहे. पूरवार्तेच्या पानाला जीवित हा शब्द अगदी शब्दशः लागू पडतो.

आता पाठवणाऱ्याला कळवावयाचे कसे? विद्यार्थी रात्रभर जागून काम करीत आहे. त्याच्या विनंतीवर सतरा आक्षेप टाकले तर तो उद्या येणार नाही. आम्ही असे काहीसे लिहू: ‘घाटाचा फोटो फार उपयोगाचा आहे, पाणी कुठवर आलं ते एका नजरेत कळतं. रकाना ७२० चा आहे म्हणून रुंदी १४४० करून द्याल का? आज्ञा खाली देत आहे. आलेख तुमच्या तक्त्यातून एसव्हीजी म्हणून काढून द्या, सध्याच्या चित्रात ४३ ची रेघ पसरली आहे. `alt`साठी एक वाक्य सुचवलं आहे, आकडे तुम्ही तपासा. सूचना आम्ही टंकित करतो, ते आमच्याकडे राहू द्या.’ प्रत्येक मागणीबरोबर कारण आहे, आणि एक काम तपासणाराने स्वतःकडे घेतले आहे.

पुराच्या रात्री यातले किती धरावे आणि किती सोडावे, याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. छायाचित्र वेबपी न होता जेपेगच राहिले, चार लाखांचे झाले, आलेख एसव्हीजी न होता स्वच्छ पीएनजी आला, तर घ्यावे. पावसाळा ओसरल्यावर नीट करता येईल. घराचे अक्षांश-रेखांश, चुकीचा किंवा शिळा `alt`, आणि चित्रात अडकलेला दूरध्वनी क्रमांक या तीन गोष्टींवर मात्र विनंती थांबवावी, मग कोणी कितीही घाई करो. छायाचित्रावाचून पान एक तास राहिले तर कोणाचे बिघडत नाही. फोटो मागाहून येऊ द्यावा आणि आकडे तेवढे लगेच आत घ्यावेत.

दुरुस्ती आल्यावर एक शेवटची गोष्ट राहते. विद्यार्थ्याने पहिल्या नोंदीत एकोणपन्नास लाखांची फाईल टाकली आणि दुसऱ्या नोंदीत ती काढून लहान ठेवली. तपासणीच्या खिडकीत आता फक्त लहान दिसते. परंतु विनंती दोन्ही नोंदींसह आत घेतली तर ती जड फाईल मुख्य शाखेच्या इतिहासात कायमची बसते, आणि यापुढे भांडार उतरवून घेणारा प्रत्येकजण तिचे ओझे वाहतो. गिटहब पन्नास मेबीबाइटच्या पुढे ताकीद देते आणि शंभरच्या पुढे फाईल नाकारते, पण पाच-पाच मेबीबाइटचे फोटो त्या जाळ्यातून सहज निसटतात. एका पावसाळ्यात शंभर आले की भांडार अर्ध्या गिगाबाइटचे होते. म्हणून नोंदीगणिक पाहावे:

```
git log --stat main..pr-214 -- images/
```

जड फाईल आली आणि गेली असे दिसले, की विनंती ‘Squash and merge’ या बटणाने आत घ्यावी. त्याने सगळ्या नोंदी वितळून एकच नोंद होते आणि तीत शेवटचे लहान चित्र तेवढे उरते. आत घेतल्यावर पान टॉकबॅक लावलेल्या फोनवर, डोळे मिटून, वरपासून खालपर्यंत एकदा ऐकावे. आलेखापाशी पोहोचल्यावर जे फूट कानी पडतील ते बंधाऱ्यावरच्या ताज्या नोंदीशी जुळले, की विनंती बंद झाली असे समजावे.